पहिल्या सेमिस्टरचा अभ्यास: प्राचार्यांच्या स्वागतभाषणानंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांसमोर प्राचार्यांचं स्वागतभाषण झालं. त्यानंतर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चंदगडकडून येणाऱ्या मुलामुलींनी स्टाफरूमच्या दारात जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्न एकाच सवयीभोवती फिरत होते, म्हणून उत्तरंही तिच्याभोवतीच फिरतात.

भाषणात सांगितलेली ती एक सवय नेमकी कोणती?

संध्याकाळी वही मिटायची, कोरा कागद घ्यायचा आणि सकाळच्या लेक्चरमधलं जे आठवेल ते लिहायचं. लिहून झाल्यावरच वही उघडायची आणि जे राहिलं किंवा चुकलं ते लाल पेनाने कागदावर भरायचं. वाचन, नोट्स, गाईड, उजळणी हे सगळं या सवयीच्या अवतीभवती येतं, हिच्या जागी येत नाही.

नुसतं दोन-तीनदा वाचलं तर काय बिघडतं? पीयूसीला तसंच केलं होतं.

वाचून आलेली ओळख आणि स्वतःहून आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, डोळे भराभर पुढे सरकतात आणि ‘हे येतंय’ असं मन सांगतं. पेपरात मात्र पान समोर नसतं.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे मोजून दाखवलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले होते. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. काही एकदाच वाचले आणि दुसऱ्या वेळी न बघता आठवतील तसे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवलं: ८१ टक्के, आणि लिहून काढलेलं ७५ टक्के. दोन दिवसांनी चित्र उलटलं: वाचलेलं ५४ टक्के, लिहिलेलं ६८. आठवड्याने ४२ आणि ५६. लिहिणाऱ्यांना आपलं बरोबर की चूक हे तपासूही दिलं नव्हतं, तरी हा फरक पडला.

या आकड्यांमधला पहिलाच सगळ्यात फसवा आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी गेटबाहेर उभं राहून वाचणाऱ्याला फायदा होतो तो त्या पाच मिनिटांचा. पीयूसीत ते अनेकदा निभावून जातं. सेमिस्टरला पाच-सहा विषयांचे पेपर लागोपाठ येतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये शिकवलेलं हिवाळ्यात लिहायचं असतं, तिथे ते पुरत नाही.

रोज किती वेळ द्यायचा, आणि पायरीपायरीने कसं करायचं?

एका तासाच्या लेक्चरसाठी वीस मिनिटं धरा. पहिली आठ-दहा मिनिटं वही बंद ठेवून लिहायचं. वाक्यं सुंदर नकोत. व्याख्या, सूत्र, आकृती, उदाहरण, सरांनी फळ्यावर डाव्या कोपऱ्यात लिहिलेलं काहीतरी, जे आठवेल ते उतरवा. आठवणं थांबलं की लगेच वही उघडू नका. दोन मिनिटं तसंच बसा, कारण अडकल्यावर आठवायची जी धडपड होते तिचाच उपयोग असतो. मग वही उघडून लाल पेनाने दुरुस्त करा. शेवटची पाच मिनिटं वहीच्या त्याच पानाच्या समासात दोन-तीन प्रश्न लिहायला ठेवा, ज्यांची उत्तरं त्या पानावर आहेत. पुढची सगळी उजळणी या प्रश्नांवरच चालते, म्हणून हा भाग टाळू नका.

दिवसाला चार लेक्चर झाली तर ऐंशी मिनिटं होतात. रोज तेवढं जमत नसेल तर त्यातल्या दोन अवघड विषयांचं करा.

लाल शाईकडे लक्ष ठेवा, तिच्यातून बरंच कळतं. कागदावर लाल अगदीच नसेल तर तुम्ही लेक्चर संपल्या संपल्या लिहायला बसलात. थोडं विसरू द्या आणि मग बसा. अर्धा कागद लाल झाला तर घाबरू नका, पहिल्या पंधरवड्यात तसंच होतं. पण पुढच्या उजळणीत त्याच जागी पुन्हा लाल आलं तर ती गोष्ट तुम्ही विसरलेला नाही, ती तुम्हाला समजलेलीच नाही. ती पाठ करत बसण्यात अर्थ नाही. कागद घेऊन त्या विषयाच्या शिक्षकांकडे जा. ‘सर, युनिट समजलं नाही’ असं म्हणणाऱ्यापेक्षा लाल खूण दाखवणाऱ्याला मदत करणं पाच मिनिटांचं काम असतं.

एखादा धडा घेऊन दाखवा ना.

बी.ए. आणि बी.कॉम. दोन्हीकडे भेटणारा धडा घेऊ: मागणीची किंमत लवचिकता, म्हणजे प्राइस इलास्टिसिटी ऑफ डिमांड. वर्गात सूत्र सांगितलं: मागणीतला टक्केवारी बदल भागिले किमतीतला टक्केवारी बदल. उदाहरण बटाट्याचं दिलं. भाव किलोला २० रुपयांवरून २५ झाला, विक्री १०० किलोवरून ८० किलोवर आली. किंमत २५ टक्क्यांनी वाढली, मागणी २० टक्क्यांनी घटली, म्हणून लवचिकता ०.८. एकापेक्षा कमी, म्हणजे कमी लवचिक मागणी. उत्तर ऋण येतं, पण चिन्ह सोडून द्यायची पद्धत आहे. वहीत हे पाच ओळींत बसतं आणि कितीही वेळा वाचलं तरी सोपंच दिसतं.

आता वही मिटा आणि लिहा. पहिली चूक बहुतेकांची इथे होते की भागाकार उलटा पडतो, किंमत वर आणि मागणी खाली, आणि उत्तर १.२५ येतं. वाचताना ही चूक कधीच दिसत नाही, कारण वहीत सूत्र बरोबर लिहिलेलं असतं. उपाय सूत्र घोकणं हा नव्हे. लवचिकता ही मागणीची आहे, किमतीने धक्का दिल्यावर मागणी किती हलली हे आपण मोजतोय, म्हणून जी हलली ती वर. हे वाक्य समासात स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा.

दुसरी अडचण जास्त मजेची आहे आणि ती फक्त स्वतः आकडे मांडणाऱ्यालाच सापडते. कागदावर उदाहरण आठवताना एखादी मुलगी उलट दिशेने मांडते: भाव २५ वरून २० वर उतरला, विक्री ८० वरून १०० किलोवर गेली. किंमत २० टक्के घटली, मागणी २५ टक्के वाढली, लवचिकता १.२५. बटाटे तेच, भाव तेच, गिऱ्हाईकं तीच, आणि मागणी आता जास्त लवचिक ठरली! इथे तिचं गणित चुकलेलं नाही. टक्केवारी काढताना पाया बदलला, एकदा २० आणि १००, दुसऱ्यांदा २५ आणि ८०, म्हणून उत्तर बदललं. म्हणूनच पाठ्यपुस्तकात पुढे कंस लवचिकता, म्हणजे आर्क इलास्टिसिटी येते. तिच्यात दोन्ही टोकांची सरासरी पाया म्हणून घेतात: मागणीत २० भागिले ९०, किमतीत ५ भागिले २२.५. दोन्ही २२.२ टक्के, म्हणून लवचिकता बरोबर १. पडताळायचं असेल तर एकूण खर्च बघा: १०० किलो २० रुपयांनी २००० रुपये आणि ८० किलो २५ रुपयांनीही २००० रुपयेच. खर्च हलला नाही, म्हणजे लवचिकता एक. एकूण खर्चाची पद्धत पुस्तकात वेगळ्या मथळ्याखाली असते आणि मुलं ती वेगळं प्रकरण म्हणून पाठ करतात. इथे ती याच पाच ओळींना जोडली गेली.

या पानाच्या समासात तीन प्रश्न येतील. मागणीतला बदल वर का लिहायचा? दिशा उलटल्यावर उत्तर का बदललं? एकूण खर्च तोच राहिला तर लवचिकता किती? ‘लवचिकतेची व्याख्या लिहा’ हा प्रश्न लिहिण्यात फार उपयोग नाही, तो पेपरात आला तरी या तिघांच्या पोटात त्याचं उत्तर आहे.

दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. इथे लेक्चर इंग्रजीत, मध्येच कन्नडमध्ये समजावतात. कागदावर कोणत्या भाषेत लिहायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. उत्तर असं की पहिल्यांदा मराठीत लिहा, मात्र पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवा. ‘प्राइस वाढली की डिमांड कमी होते, पण किती कमी होते ते इलास्टिसिटी सांगते’ असं खिचडी वाक्य चालेल. त्या वेळी तपासायचं एवढंच की कल्पना डोक्यात आहे का. कल्पना आणि इंग्रजी वाक्यरचना या दोन लढाया एकाच वेळी लढायला गेलं की मूल गाईडमधली वाक्यं जशीच्या तशी पाठ करायला लागतं. मग ‘एक्सप्लेन’च्या जागी ‘डिस्टिंग्विश’ आलं की पाठ केलेला परिच्छेद उपयोगी पडत नाही, कारण त्याला फरक विचारला होता आणि तो दोन व्याख्या एकाखाली एक लिहून आला.

इंग्रजीची पाळी तिसऱ्या दिवशीच्या उजळणीत. तेव्हा समासातल्या एका प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत लिहा, पाच-सहा वाक्यांत, प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट. आठवड्याला अशी दहा-बारा उत्तरं झाली तरी पुष्कळ. पेपर कोणत्या भाषेत लिहिण्याची मुभा आहे हे विषयानुसार वेगळं असू शकतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात ऑफिसात नक्की विचारून घ्या, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.

एक सापळा लक्षात ठेवा. काही मराठी शब्द रोजच्या वापरातले असल्यामुळे कळल्यासारखे वाटतात. ‘मागणी’ म्हटलं की आपल्या भागात मोर्चा आणि निवेदन आठवतं, किंवा मुलीला आलेलं स्थळ. अर्थशास्त्रात डिमांडला इच्छा, ऐपत आणि त्या भावाला घ्यायची तयारी हे तिन्ही लागतं. बुलेट हवी असणं ही डिमांड नव्हे. तसंच ‘पुरवठा’ आणि ‘साठा’: कोल्ड स्टोरेजमध्ये पडून असलेला बटाटा हा स्टॉक, आजच्या भावाला विकायला काढला तेवढाच सप्लाय. वहीच्या शेवटच्या चार पानांवर असे शब्द जमवा: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठीत ‘हे म्हणजे काय’ आणि खाली ‘हे म्हणजे काय नाही’. त्या तिसऱ्या ओळीवरूनच शब्द कळला आहे की नाही ते समजतं. शब्दकोशातला प्रतिशब्द लिहून भागत नाही.

कन्नड समजत नसेल तर लेक्चर चालू असतानाच शेजाऱ्याला विचारत बसू नका, पुढचं निसटतं. वहीत तिथे चौकोन काढून जागा सोडा. लेक्चर संपल्यावर कन्नड येणाऱ्या मित्राकडून तो चौकोन भरून घ्या आणि त्याला मराठी शिकायचा नाद असेल तर फेड तशी करा.

खानापूरहून रोज जाणं-येणं आहे. घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. वीस मिनिटं कुठून आणायची?

खानापूर ते बेळगाव अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. पण स्टँडवर थांबणं, पावसाळ्यातला रस्ता आणि गच्च भरलेली बस धरली तर दिवसाचे दोन तास सहज जातात. हा वेळ वाचायला चांगला नाही. हलत्या गाडीत वही धरून मळमळतं, आणि उभं असाल तर प्रश्नच मिटला. आठवायला मात्र हाच वेळ चांगला आहे, कारण आठवायला काहीच हातात लागत नाही. संध्याकाळच्या बसमध्ये डोळे मिटून पहिलं लेक्चर सुरुवातीपासून मनात मांडा. जिथे अडकाल तो शब्द तळहातावर किंवा मोबाइलवर टिपा. घरी गेल्यावर पूर्ण कागद लिहायची गरज नाही, अडकलेल्या जागा तेवढ्या वहीतून बघून लाल पेनाने लिहा. सकाळच्या बसमध्ये समासातले जुने प्रश्न घ्या, शक्यतो सोबत्याबरोबर, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने सांगायचं.

मनातल्या मनात आठवण्यात एक खोट आहे. ‘हां, ते येतं मला’ म्हणून आपण पुढे सरकतो. म्हणून प्रत्येक मुद्दा पूर्ण वाक्यात, ओठ हलवून म्हणा. बस भरलेली असेल तर लोक बघतील, बघू देत. आकृती आणि गणितं मात्र बसमध्ये होत नाहीत, ती कागदावरच.

एकदा लिहिलं की झालं? पुन्हा कधी बघायचं?

त्याच दिवशी एकदा, तिसऱ्या दिवशी एकदा, मग आठवड्याने आणि मग तीन आठवड्यांनी. पहिल्या खेपेनंतर पूर्ण कागद लिहायचा नाही, समासातल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, म्हणजे एका लेक्चरला पाच मिनिटं पुरतात. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. अंतर हळूहळू वाढत जावं आणि दर खेपेला थोडं विसरलेलं असावं एवढं पाळा. एकाच रात्री तेच पान चार वेळा म्हटलं तर चौथ्या वेळी मेहनत लागत नाही आणि मेहनत लागली नाही की फारसं टिकतही नाही.

पहिल्या सेमिस्टरच्या मधोमध गणेशोत्सव येतो आणि बेळगावात तो काही दीड दिवसांचा नसतो. मंडळात नाव असेल तर त्या दिवसांत नवीन काही करायचा हट्ट धरू नका. तीन आठवड्यांची जी उजळणी त्या काळात येते, ती चतुर्थीच्या आधीच्या रविवारी उरकून घ्या. विसर्जनानंतर जुन्या प्रश्नांपासून सुरू करा. चार दिवसांत गाडी रुळावर येते.

आयएचे, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे, गुण थोडेच असतात, मग त्या टेस्टचा एवढा विचार कशाला?

आयए टेस्टमध्ये गुणांपेक्षा महत्त्वाची असते ती तपासून परत मिळणारी उत्तरपत्रिका. सेमिस्टरच्या मुख्य पेपरआधी तुमचं लिहिलेलं कोणी शिक्षक तपासून देतात ते इथेच. पण बहुतेक जण आकडा बघून पेपर घडी घालून ठेवतात. त्याऐवजी गेलेला प्रत्येक गुण तीन प्रकारांत टाका: आठवलं नाही, आठवलं पण समजलेलं नव्हतं, समजलेलं होतं पण प्रश्नाने दुसरंच विचारलं होतं. पहिल्यासाठी उजळणीचं अंतर कमी करा. दुसऱ्यासाठी शिक्षकांकडे जा. तिसऱ्यासाठी प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारायची सवय लावा.

समजा वीसपैकी अकरा मिळाले. गेलेल्या नऊंपैकी पाच तिसऱ्या प्रकारातले असतील तर त्या मुलाने आणखी दोन तास वाचून काही होणार नाही, आणि नेमकं तेच करायला तो धावतो.

सीनियरकडून जुने पेपर आणि नोट्स घेतल्या आहेत. त्यांवर अवलंबून राहावं का?

आधी वर्ष बघा. कर्नाटकात २०२१-२२ पासून पदवीला राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा अभ्यासक्रम होता. राज्य सरकारने २०२४-२५ पासून तो बाजूला ठेवून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्यामुळे मधल्या बॅचचे पेपर आणि तुमचा पेपर यांची रचना सारखी असेलच असं नाही. पेपराच्या कोपऱ्यातले कमाल गुण आणि वेळ तुमच्या सिलॅबसच्या प्रतीशी ताडून बघा, मग युनिटची नावं. जुळत असेल तर पेपर वापरा, आणि तोही वही मिटून. जुळत नसेल तर सुटे प्रश्न उचला, ‘हा प्रश्न दरवर्षी येतो’ हे भाकीत उचलू नका.

दुसऱ्याच्या नोट्स तपासायला चांगल्या, आठवायला नाहीत. त्या नोट्स लिहिताना ज्याने डोकं चालवलं, शिकला तो.

अकाउंट्स आणि गणितालाही हेच?

हो, फक्त कागदावर आठवायचं ते उत्तर नसतं, पहिली पायरी असते. सोडवलेलं उदाहरण झाका आणि ‘इथे सुरुवात कशाने केली आणि का’ एवढंच लिहा. सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक ओळ पटते, पण पुढची ओळ आपल्याला सुचली असती का, हे तेव्हा कळत नाही. आणि एकाच प्रकारची दहा गणितं ओळीने करण्यापेक्षा तीन प्रकार मिसळून करा, कारण पेपरात प्रश्नावर प्रकार लिहिलेला नसतो.

हजेरीचं काय?

सर्वसाधारणपणे ७५ टक्के लागते, आणि ती विषयवार मोजतात. विषयाचे ६० तास असतील तर १५ चुकवता येतात. आठवड्यातून एक सकाळचं लेक्चर बसमुळे बुडत असेल तर सोळा आठवड्यांत त्या एकाच विषयाचे सोळा जातात आणि बाकी सगळे भरलेले असूनही त्या पेपराला अडचण येते. बसची अडचण खरी असेल तर ती पहिल्याच महिन्यात लेखी कळवा.

आता सहा आठवडे झाले आणि यातलं काहीच केलेलं नाही. पहिल्या युनिटपासून सुरू करू का?

नको. आजच्या लेक्चरपासून सुरू करा. पहिल्या युनिटपासून सुरू करणारा दुसऱ्या युनिटात असताना वर्ग पाचव्यात पोचलेला असतो आणि रोज मागेच राहतो. मागचं राहिलेलं दिवसाला एक लेक्चर या हिशेबाने घ्या. त्यासाठी वही आधी एकदाच वाचा, दुसऱ्या दिवशी मिटून लिहा, समासात प्रश्न टाका. सहा आठवड्यांत एका विषयाची साधारण चोवीस लेक्चर झाली असतील. दोन अवघड विषय निवडले तर अठ्ठेचाळीस दिवस लागतात. ते जास्त वाटत असतील तर पुढची लेक्चर कशावर उभी आहेत ते शिक्षकांना विचारा आणि तेवढीच आधी करा. लवचिकतेचं प्रकरण मागणीच्या नियमावर उभं आहे. मागणीचा नियम आला नसेल तर इतर काही बुडालं तरी चालेल, पण ते एक लेक्चर आज रात्रीच.